ऋण संख्येने भागताना असमानतेचं तोंड का फिरतं आणि ते संख्यारेषेवर कसं दाखवायचं

प्रश्न: मुलीच्या वर्कशीटमध्ये 7 − 3x ≤ 19 सोडवून संख्यारेषेवर दाखवायचं होतं. तिचं उत्तर x ≤ −4 आलं, उत्तरसूचीत x ≥ −4 आहे. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं असं मी तिला सांगितलं, तर पुढच्या 2x < −10 मध्ये तिने ऋण बघून चिन्ह उलटवलं आणि तेही चुकलं. नक्की कधी उलटवायचं, आणि का?

उत्तर:

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ‘ऋण’ आणि ‘उलटतं’ हे दोन शब्द तिच्या लक्षात राहिले, पण ऋण काय असायला हवं हे निसटलं. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासताना मी या दोन चुका बहुतेक वेळा जोडीनेच पाहिल्या आहेत. आधी मूल < किंवा > चं तोंड फिरवायला विसरतं. मग कुणीतरी नियम सांगतं आणि त्यानंतर जिथे जिथे वजाचं चिन्ह दिसेल तिथे ते फिरवू लागतं. नियम पुन्हा एकदा घोकून घेतल्याने हे सुटत नाही. थोडा वेळ x बाजूला ठेवा आणि नुसत्या संख्या घ्या.

3 < 5 हे तिला मान्य आहे. आता दोन्हींना −1 ने गुणा. −3 आणि −5 मिळतात. संख्यारेषेवर −5 हा −3 च्या डावीकडे येतो, म्हणजे −3 मोठा: −3 > −5. तोंड फिरलं. हे का झालं ते कागदाच्या पट्टीवर फार छान दिसतं. पातळ कागदाच्या पट्टीवर −8 ते 8 अशी संख्यारेषा काढायला सांगा, 3 वर आणि 5 वर ठळक टिंब द्यायला सांगा आणि पट्टी बरोबर 0 वर दुमडून उजेडासमोर धरा. 3 चं टिंब −3 वर पडतं, 5 चं −5 वर. −1 ने गुणणं म्हणजे 0 वर आरसा ठेवणं. 5 हा 0 पासून उजवीकडे जास्त लांब होता, म्हणून आरशातून गेल्यावर तो डावीकडे जास्त लांब गेला. उजवीकडे जो पुढे होता तोच डावीकडे पुढे आहे, आणि संख्यारेषेवर डावीकडे पुढे असणं म्हणजे लहान असणं. याच पट्टीवर 3 पासून उजवीकडे जाणारा बाण काढून दुमडलीत, तर तो −3 पासून डावीकडे जाताना दिसेल.

बाकीच्या क्रियाही याच पट्टीवर बघून घ्या. 3 < 5 मधून दोन्हीकडे 10 वजा केले तर −7 < −5. दोन्ही संख्या ऋण झाल्या, वजाबाकीही झाली, तरी तोंड होतं तिथेच आहे. मिळवणं किंवा वजा करणं म्हणजे सगळी टिंबं एकसारखी सरकवणं. सरकताना कुणी कुणाला ओलांडत नाही. धन संख्येने गुणणं किंवा भागणं म्हणजे 0 जागेवर धरून पट्टी ताणणं किंवा आकसवणं. त्यातही डावा-उजवा क्रम बदलत नाही. −3 ने गुणणं म्हणजे तिप्पट ताणणं आणि मग आरसा. तोंड फिरतं ते फक्त आरशामुळे, आणि आरसा येतो तो फक्त ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना.

इथे आपल्या भाषेतली एक अडचण बोलून दाखवायला हवी. आपण + आणि − यांनाही ‘चिन्ह’ म्हणतो आणि < आणि > यांनाही ‘चिन्ह’च म्हणतो. समीकरणं शिकताना ‘पद दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं’ हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यावर आता ‘ऋणने भागलं की चिन्ह बदलतं’ हे येऊन बसतं आणि दोन्हींची गल्लत होते. मग 7 पलीकडे नेताना कुणी असमानताच फिरवतं, तर कुणी −3 ने भागताना असमानता तशीच ठेवून उत्तराचं धन-ऋण बदलतं. म्हणून मी वर्गात + आणि − ला चिन्ह म्हणतो, आणि < > साठी ‘तोंड’ हा शब्द वापरतो. पदाचं चिन्ह बदलतं, असमानतेचं तोंड फिरतं. शब्द वेगळे केले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता तिचं उदाहरण घेऊ.

7 − 3x ≤ 19

दोन्हीकडून 7 वजा करायचे. हे सरकवणं आहे, तोंड तसंच:

−3x ≤ 12

आता −3 ने भागायचं. इथे आरसा आला:

x ≥ −4

तिने शेवटच्या पायरीत भागाकार बरोबर केला, 12 ला −3 ने भागून −4 आणले, फक्त तोंड फिरवलं नाही. तिला हेच उदाहरण ऋण भागाकार अजिबात न करता सोडवायला लावा. −3x ≤ 12 इथपर्यंत आल्यावर दोन्हीकडे 3x मिळवा: 0 ≤ 12 + 3x. मग दोन्हीकडून 12 वजा करा: −12 ≤ 3x. आता 3 ने, म्हणजे धन संख्येने भागा: −4 ≤ x. एकदाही तोंड फिरवलं नाही, आणि ‘−4 हा x पेक्षा लहान किंवा x इतकाच आहे’ असं मिळालं. म्हणजेच x हा −4 किंवा त्याहून मोठा. उत्तर तेच आलं. तोंड फिरवण्याचा नियम वरून लादलेला नाही हे मुलांना या मार्गाने कळतं. मिळवणं, वजा करणं आणि धन संख्येने भागणं या तीन साध्या पायऱ्यांनी जे मिळतं, तेच तो नियम एका पायरीत देतो. ज्या मुलांना फिरवण्याची धास्ती बसते त्यांना मी काही दिवस हाच मार्ग वापरू देतो: x चं पद ज्या बाजूला धन होईल त्या बाजूला न्यायचं. तो लांबचा आहे, पण चूक व्हायला जागा कमी.

दुसरं उदाहरण, 2x < −10. इथे भागतो 2 ने. −10 ऋण आहे, पण ज्याला भागायचं ती संख्या ती आहे. ज्याने भागायचं ती संख्या 2 आहे, आणि 2 धन आहे. आरसा नाही. x < −5. उत्तर ऋण आलं म्हणूनही काही फिरत नाही. तिला दर वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगा: मी कशाने भागतेय? त्याचं उत्तर नुसतं मनात ठेवणं पुरत नाही, कागदावर लिहावं लागतं. प्रत्येक पायरीच्या उजव्या बाजूला ती पुढे काय करणार ते लिहू दे: ‘−7’, ‘÷ (−3)’, ‘÷ 2’. गुणाकाराच्या किंवा भागाकाराच्या पुढची संख्या ऋण असेल तर तिच्याभोवती गोल करायचा, आणि पुढची ओळ लिहिताना सगळ्यात आधी तोंड फिरवून लिहायचं, संख्या नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. संख्या आधी लिहिल्या की भागाकारात लक्ष गुंततं आणि तोंड जुन्या सवयीने वरच्या ओळीतून उतरतं.

−x < 6 अशा रूपाकडे खास लक्ष ठेवा. इथे भागाकार लपलेला आहे. ‘−x म्हणजे −1 गुणिले x’ हे मुलं विसरतात आणि वजा पलीकडे ढकलून x < −6 लिहून मोकळी होतात. −1 ने गुणलं की x > −6.

आता ताळा. बहुतेक मुलं ताळा करताना मिळालेली सीमेची संख्याच मूळ असमानतेत घालतात. 7 − 3x ≤ 19 मध्ये x = −4 घातलं तर 7 + 12 = 19, दोन्ही बाजू समान. ‘बरोबर आलं’ म्हणून मूल खूश होतं. पण हा ताळा तिच्या चुकीच्या उत्तरालाही लागू पडतो, कारण x ≤ −4 ची सीमासुद्धा −4 च आहे. सीमा घालून फक्त एवढं कळतं की आकडेमोड बरोबर आहे. तोंड बरोबर आहे का, ते कळत नाही. त्यासाठी सीमेच्या एका बाजूची एखादी संख्या घालावी लागते. 0 सगळ्यात सोपा. x = 0 घाला: 7 ≤ 19, खरं आहे. म्हणजे 0 उत्तरात असायलाच हवा. x ≤ −4 मध्ये 0 नाही, म्हणून ते उत्तर चूक. x ≥ −4 मध्ये आहे. तिने एवढं केलं असतं तर उत्तरसूची न बघता चूक सापडली असती. सीमाच 0 असेल तर 1 घ्या. आणि संख्या नेहमी मूळ ओळीत घालायची, मधल्या ओळीत नाही, नाहीतर त्याआधी झालेली चूक निसटून जाते.

संख्यारेषेवर काढताना दोन निर्णय घ्यायचे असतात: टिंब भरीव की पोकळ, आणि बाण कुठल्या बाजूला. ≤ किंवा ≥ असेल तर सीमा उत्तरात धरलेली आहे, म्हणून टिंब भरीव. < किंवा > असेल तर सीमा स्वतः उत्तरात नाही, पण तिच्या अगदी जवळच्या संख्या आहेत, म्हणून पोकळ. तोंड फिरलं तरी खालची ‘किंवा समान’ची रेघ तशीच राहते. ≤ चं ≥ होतं, > होत नाही. घाईत ही रेघ गळते आणि मग चित्रात भरीवच्या जागी पोकळ टिंब येतं. x ≥ −4 चं चित्र असं:

```
 -6  -5  -4  -3  -2  -1   0   1
<-|---|---●===|===|===|===|===|==>
```

बाणाच्या बाजूबद्दल मुलांना एक युक्ती सापडलेली असते: तोंडाचं टोक जिकडे, बाण तिकडे. x < 2 मध्ये टोक डावीकडे, बाण डावीकडे. x > 2 मध्ये दोन्ही उजवीकडे. x डावीकडे लिहिलेला असेपर्यंत ही युक्ती चालते आणि म्हणूनच ती घातक आहे. वरच्या दुसऱ्या मार्गाने −4 ≤ x आलं, तिथे टोक डावीकडे आहे, पण x तर −4 पेक्षा मोठा आहे, बाण उजवीकडे जायला हवा. म्हणून चित्र काढण्याआधी x पहिल्यांदा येईल असं वाक्य मोठ्याने म्हणायचं: ‘x हा −4 पेक्षा मोठा किंवा समान’. मग ते x ≥ −4 असं लिहायचं. या लिहिण्यात तोंड फिरलेलं दिसतं, पण तो आरसा नव्हे. दोन्ही बाजूंची अदलाबदल केली, म्हणून लिहिण्याची दिशा बदलली. उंच मुलगा बुटक्याच्या डावीकडे उभा असो की उजवीकडे, उंच तो उंचच. अर्थ तोच राहतो. काही मुलं इथे ‘एकदा फिरवायचं’ आणि ‘बाजू बदलल्या म्हणून फिरवायचं’ अशी दोनदा फिरवाफिरव करून पुन्हा चुकीच्या जागी पोचतात. ती शंका आली की 0 घालून बघायचं, लगेच समजतं.

अपूर्णांक आला की आणखी एक गोंधळ होतो, म्हणून हे एक उदाहरण तिच्याबरोबर बसून करा:

(3 − 2x)/4 > x + 3

दोन्ही बाजूंना 4 ने गुणू. 4 धन, तोंड तसंच. उजवीकडे x आणि 3 दोघांनाही 4 ने गुणायचं:

3 − 2x > 4x + 12

दोन्हीकडून 4x वजा, मग 3 वजा. ही दोन्ही सरकवणीच:

−6x > 9

आता ÷ (−6), गोल करा, तोंड फिरवा:

x < −3/2

गुणाकार झाला तेव्हा तोंड फिरलं नाही, भागाकार झाला तेव्हा फिरलं. फरक क्रियेचा नव्हता, 4 आणि −6 यांच्यातला होता. आता −3/2 संख्यारेषेवर कुठे? −1 आणि −2 च्या बरोबर मध्ये. पण पुष्कळ मुलं ते −1 च्या उजव्या हाताला, 0 कडे टाकतात, कारण धन बाजूला 1 नंतर दीड येतो तसं इथेही ‘−1 नंतर उजवीकडे’ असं हात आपोआप करतो. ऋण बाजूला दीड म्हणजे 0 पासून डावीकडे दीड पावलं. आरसा इथेही तोच आहे. टिंब पोकळ, बाण डावीकडे. ताळा: x = 0 घातला तर 3/4 > 3, खोटं, आणि 0 आपल्या बाणाखाली नाही. x = −2 घातला तर 7/4 > 1, खरं, आणि −2 बाणाखाली आहे.

आरसा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो दुहेरी असमानतेत. वर्कशीटच्या शेवटी अशी उदाहरणं बहुधा असतात:

−5 < 1 − 2x ≤ 9

तिन्ही भागांतून 1 वजा करा:

−6 < −2x ≤ 8

तिन्ही भागांना −2 ने भागा, दोन्ही तोंडं फिरवा:

3 > x ≥ −4

हे चूक नाही, पण वाचायला उलटं आहे. लहान संख्या डावीकडे घेऊन लिहू:

−4 ≤ x < 3

मूळ ओळीत ‘किंवा समान’ उजव्या टोकाला, 9 पाशी होतं. उत्तरात ते डाव्या टोकाला, −4 पाशी आलं. आरशाने सगळा तुकडाच उलटा केला, म्हणून भरीव टोक एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं. चित्रात −4 वर भरीव टिंब, 3 वर पोकळ, मधला भाग ठळक, आणि बाण कुठेच नाही. ताळ्यात −4 घातला तर 1 + 8 = 9, आणि 9 ≤ 9 चालतं. 3 घातला तर 1 − 6 = −5, आणि −5 < −5 चालत नाही, म्हणून पोकळ. इथे दिसणारी नेहमीची चूक म्हणजे एकच तोंड फिरवणं, त्यातून 3 < x ≥ −4 असं काहीतरी तयार होतं. दुहेरी असमानतेत दोन तोंडं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बघताना दिसली की सोडवणं थांबवून मागे जायचं.

कधी कधी x नाहीसाच होतो. 4 − 2x < 7 − 2x मध्ये दोन्हीकडे 2x मिळवलं की 4 < 7 उरतं. ते नेहमीच खरं, म्हणून पूर्ण संख्यारेषा ठळक करायची. उरलेलं वाक्य खोटं असतं, तर रेषेवर काहीच ठळक झालं नसतं.

एक मर्यादा तिला आत्ताच माहीत असलेली बरी: x ने दोन्ही बाजूंना गुणायचं किंवा भागायचं नाही. x धन आहे की ऋण, हेच ठाऊक नसताना तोंड फिरवायचं की नाही हे कसं ठरवणार? 6/x < 3 मध्ये x ने गुणून 6 < 3x आणि मग x > 2 लिहिलं, तर x = −1 हातातून जातो. तो घालून बघा: −6 < 3, खरं आहे. रेषीय असमानतांच्या वर्कशीटमध्ये हे सहसा येत नाही, पण सवय मात्र इथेच लागते.

आता तिला ही चार उदाहरणं द्या आणि सोडवण्याआधी फक्त एवढं विचारा की यांपैकी कशात तोंड फिरेल: −4x < 12, 4x < −12, x − 4 < −12, −12 < 4x. चारही दिसायला सारखी आहेत, चारहींत वजा आहे, आणि सोडवताना आरसा फक्त पहिल्यात लागतो. उत्तरं अनुक्रमे x > −3, x < −3, x < −8 आणि x > −3. चित्रं काढून झाली की पहिल्याचं आणि चौथ्याचं चित्र तिला शेजारी ठेवायला सांगा. ती एकसारखी का आली, हे तिला स्वतःला शोधू द्या. −4x < 12 च्या दोन्ही बाजूंना 4x मिळवून 12 वजा करून बघ, एवढीच खूण पुरेल.